तडा गेलेलं तावदान, न फोडता

खिडकीची काच तडकली की काचवाला येतो, तावदानावर जुनी चादर धरतो, हातोडीचा एक ठोका देतो आणि चौकटीत अडकलेल्या कपच्या पटाशीनं खरवडून काढतो. साधी पारदर्शक काच असेल, खिडकी तळमजल्यावर असेल आणि खाली मुलं खेळत नसतील तर हे चालूनही जातं. पण मुंबईत दादर-माटुंग्याकडे १९३० आणि ४० च्या दशकांत बांधलेल्या इमारतींमध्ये सागवानी झडपांच्या अशा खिडक्या अजून आहेत, ज्यांची तावदानं फोडायला हात धजू नये. त्यांत नक्षीची काच असते. कुठे बारीक दाणेदार, कुठे पाण्यावर तरंग उठावेत तशी. नक्षीची काच आजही बाजारात मिळते, पण नेमकी तीच नक्षी मिळेल याची खात्री कुणीच देत नाही, आणि सहा तावदानांच्या खिडकीत एकच वेगळं बसवलं तर ते रस्त्यावरूनही उठून दिसतं.

अशा खिडकीतली एक तडकलेली काच एकसंध हाती आली, तर तिच्यातला चांगला भाग कापून वरच्या झरोक्याच्या लहान तावदानासाठी वापरता येतो. नव्या काचेसाठी तीच नमुना म्हणूनही चालते. हे दुसरं कारण लहान नाही. नव्वद वर्षं पावसाळे झेललेली लाकडी चौकट काटकोनात राहिलेली नसते आणि टेपनं मोजलेली मापं तिथे दगा देतात.

आपण एकच खिडकी समोर ठेवू. सागवानी झडप, तिच्यात सहा तावदानं, प्रत्येक साधारण १२ बाय १६ इंचांचं. काच ३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे एका तावदानाचं वजन सुमारे ९०० ग्रॅम. खालच्या डाव्या तावदानाला तडा गेलेला आहे. तो खालच्या कडेपासून निघतो, थोडा वळत वर चढतो आणि साधारण मध्यावर येऊन थांबतो. काच अजून घट्ट बसलेली आहे. तडा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेला नाही, मध्येच थांबलेला आहे, ही या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. कडेपासून कडेपर्यंत गेलेल्या तड्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. थांबलेला तडा मात्र पुढे धावायला तयार असतो. ब्रिटिश अभियंता ग्रिफिथ यानं १९२० च्या सुमारास काचेवरच प्रयोग करून दाखवून दिलं, की तडा जितका लांब, तितका तो आणखी वाढवायला लागणारा ताण कमी. म्हणजे अखंड काचेला जो दाब सहज सोसतो, तोच तडकलेल्या काचेला संपवू शकतो. पुढची सगळी खबरदारी याच एका कारणासाठी आहे.

काच धरून ठेवलेली असते ती पुट्टीनं. रंगारी तिलाच लांबी म्हणतात. हल्ली भिंतीला लावतात ती पांढऱ्या सिमेंटची पुट्टी वेगळी. खिडकीची जुनी पुट्टी म्हणजे खडूची बारीक पूड आणि जवसाचं तेल, मळून केलेला गोळा, बस. ती वाळते असं आपण म्हणतो, पण तिच्यातून पाणी उडून जात नाही, कारण तिच्यात पाणी नसतंच. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळं तयार होतं. हे काम वर्षानुवर्षं चालू राहतं. म्हणून दहा वर्षांची पुट्टी सुरीनं निघते आणि नव्वद वर्षांची पटाशीलाही दाद देत नाही. पाण्यात भिजवून ती विरघळत नाही, रॉकेल लावूनही फारसं काही होत नाही. कॉस्टिक सोड्यानं ती सुटते खरी, पण सोडा सागवानालाही काळं पाडतो आणि लाकडाच्या रंध्रांत राहून पुढच्या रंगाला धरू देत नाही. माझ्या मते या कामात सोड्याला जागाच नाही.

या पुट्टीचा एक दुबळेपणा मात्र कायम राहतो. गरम केली की ती मऊ होते. शंभर अंशांच्या आसपास नेली तर जुनी पुट्टीसुद्धा घट्ट साबणासारखी कापली जाते, आणि थंड होताच पुन्हा दगड होते. तेव्हा खरा प्रश्न पुट्टी कशानं फोडायची हा नसून, काच न तापवता पुट्टी कशी तापवायची हा आहे.

कामाला हात घालण्याआधी ती पुट्टी तेलाचीच आहे ना, हे पाहून घ्यावं. मधल्या काळात कुणीतरी डागडुजी केलेली असते. एखाद्या कोपऱ्यात गरम वाफ किंवा हवा दोन-तीन मिनिटं द्यावी आणि सुरीचं टोक रुतवून पाहावं. तेलाची पुट्टी टोक आत घेते आणि जवसाच्या तेलाचा उग्र वास येतो. सिमेंट असेल तर काहीही बदलत नाही, भुसभुशीत कण तेवढे सुटतात. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सीचा लगदा भरलेला असेल तर तो लाकूड आणि काच या दोन्हींना इतका घट्ट धरतो, की काच एकसंध निघण्याची आशा सोडून द्यावी. अशा वेळी काच वाचवण्याच्या नादात चौकट गमावण्यापेक्षा काच जाऊ द्यावी. आणि पुट्टीच्या जागी खिळ्यांनी मारलेली लाकडी पट्टी असेल, तर पट्टी उचकटली की निम्मं काम झालं.

पुढची पायरी बहुतेक जण टाळतात, ती म्हणजे झडप बिजागऱ्यांवरून उतरवणं. पुट्टी बाहेरच्या अंगाला असते. दुसऱ्या मजल्यावर खिडकीतून अर्धं बाहेर वाकून तडकलेल्या काचेशी झटापट करण्यात काही शहाणपण नाही. बिजागरीचे स्क्रू रंगानं बुजलेले असतात, त्यांच्या खाचा आधी टोकदार वस्तूनं मोकळ्या केल्या की ते फिरतात. झडप टेबलावर जाड सतरंजी घालून, बाहेरची बाजू वर करून आडवी ठेवायची.

इथे एक बारकावा आहे. काच चौकटीच्या खाचेत बसते आणि तिच्या आतल्या बाजूला लाकडाची अरुंद कड असते, साधारण एक सेंटिमीटर जाडीची. झडप आडवी ठेवली की काचेखाली तेवढीच पोकळी राहते. वरून सुरीचा जरा जोर पडला की काच त्या पोकळीत वाकते, आणि तडा धावतो. म्हणून त्या पोकळीत घडी केलेली वर्तमानपत्रं किंवा पुठ्ठा घालून काचेला खालून नेमका टेकू द्यायचा. कागद कमी पडला तर काच वाकेल आणि जास्त झाला तर वर उचलली जाईल. बोटानं चाचपून काचेखाली कागद नुसता टेकलेला जाणवला पाहिजे. या पाच मिनिटांच्या कामाकडे दुर्लक्ष केल्यामुळे जेवढ्या काचा फुटतात, तेवढ्या बहुधा हत्यारामुळे फुटत नसाव्यात.

आता तड्याच्या टोकाला मार्करनं एक बारीक खूण करायची. काम चालू असताना तडा त्या खुणेपुढे गेला का, हे अधूनमधून बघत राहायचं. तडा वाढताना बारीक ‘टिक’ असा आवाज येतो, पण रस्त्याच्या गोंगाटात तो ऐकू येईलच असं नाही. खूण मात्र खोटं बोलत नाही. तडा सरकलेला दिसला तर हात थांबवायचा आणि जोर कुठे पडतोय किंवा उष्णता कुठे साचतेय ते शोधायचं.

त्यानंतर चिकटपट्टी. रंगकामाची कागदी पट्टी तड्यावर आधी आडवी, तीन-चार बोटांच्या अंतरानं, मग तड्याच्या रेषेवरून उभी. पट्टी दोन्ही बाजूंनी लावलेली बरी. तिनं तडा थांबत नाही, हे समजून घेतलं पाहिजे. काच दोन तुकडे झालीच, तर ते तुकडे एकत्र राहतात आणि हातावर येत नाहीत, एवढंच तिचं काम. नक्षीच्या उंचसखल बाजूवर पट्टी नीट धरत नाही. तिथे पिठाची खळ आणि कागदाच्या पट्ट्या उत्तम बसतात आणि नंतर पाण्यानं स्वच्छ निघतात. खळ पूर्ण वाळू द्यावी लागते, म्हणून हे आदल्या दिवशी उरकावं.

हातात चामड्याचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडावर चांगला मास्क हवा. जुन्या तेलरंगात शिसं असण्याची शक्यता मोठी असते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले, तेव्हा त्याआधीचे थर संशयितच मानायचे. हा रंग कोरडा घासू नये, पाणी शिंपडून ओला ठेवावा, आणि निघालेला चुरा झाडून न टाकता ओल्या फडक्यानं गोळा करावा. आसपास लहान मुलं नसावीत.

उष्णता देण्याचे दोन मार्ग आहेत. एक, गरम हवेची बंदूक. तिच्यातून तीनशे ते सहाशे अंशांपर्यंतची हवा येते आणि पुट्टी दोन मिनिटांत नरमते. अखंड काचेसाठी, काचेवर पत्र्याची आड धरून, ती सराईत हातात चालते. तडकलेल्या काचेसाठी मी वाफेच्या बाजूनं आहे. कपड्यांच्या सुरकुत्या काढायला मिळतं तसं वाफेचं यंत्र पुरतं. वाफ शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे एखादी जागा चुकून भाजली जात नाही आणि रंगातलं शिसं धुरावाटे बाहेर पडण्याचीही भीती राहत नाही. वेळ मात्र लागतो.

काच उष्णतेनं का फुटते, हे एकदा नीट समजलं की हात आपोआप बरोबर चालतो. काच गरम होऊन फुटत नाही, कमीजास्त गरम होऊन फुटते. तीस सेंटिमीटर काचेची कड तिच्या मध्यापेक्षा पन्नास अंशांनी तापली, तर ती जवळजवळ ०.१३ मिलिमीटरनं वाढू पाहते. हे अंतर डोळ्यांना दिसणारही नाही, पण काचेला लवायचं माहीत नसतं. वाढणारी कड थंड मध्याला ताणते, आणि आपल्या तावदानात तड्याचं टोक नेमकं मध्यावरच बसलेलं आहे. म्हणून कड तापवण्याआधी सगळी काचच कोमट करून घ्यायची. यासाठी एप्रिल-मे महिन्यातलं आपलं ऊन फार उपयोगी पडतं. झडप तासभर उन्हात ठेवली की काच आणि लाकूड दोन्ही सारखेच तापतात आणि नंतर वाफेनं पडणारा फरक कमी होतो. पावसाळ्यात किंवा थंडीत हे काम काढू नये. गरम काचेवर चुकूनही गार पाण्याचा शिडकावा होऊ देऊ नये. रंग ओला ठेवण्याचं पाणी आधी वापरायचं, वाफेनंतर नाही.

वाफेआधी पुट्टीवरचा रंग कापायचा. पुट्टी आणि काच जिथे भेटतात त्या रेषेवर, आणि पुट्टी आणि लाकूड भेटतात त्या रेषेवर, धारदार पातं हलक्या हातानं ओढत न्यायचं. रंगाच्या पाच-सहा थरांनी तिन्ही गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. हे बंध राहिले तर मऊ झालेली पुट्टीही काचेला सोबत ओढते.

सुरुवात तड्यापासून सर्वांत लांबच्या कडेनं करायची. आपल्या तावदानात ती वरची कड. मग दोन उभ्या बाजू, आणि जिथून तडा निघतो ती खालची कड शेवटी. काचेवर ओल्या जाड फडक्याची घडी ठेवायची, पण गार नव्हे, कोमट पाण्यात पिळलेली. वाफ वीतभर भागावर मागे-पुढे फिरवत दहा-पंधरा मिनिटं द्यायची. पुट्टी तयार झाली की वरचा रंग फुगतो आणि सुरकुततो. मग लांबीची लोखंडी पट्टी घेऊन, लाकडाच्या बाजूनं पुट्टीत शिरून तिचा तुकडा बाहेर उचलायचा. पात्याचं तोंड नेहमी लाकडाकडे, काचेकडे कधीच नाही. पटाशी आणि हातोडी इथे सर्वांत घातक. पटाशीची धार पाचरीसारखी शिरते, पुट्टीला दोन्ही बाजूंना ढकलते, आणि एका बाजूला काचच असते. पुट्टी निघायला जोर लागतोय असं वाटलं तर त्याचा अर्थ एकच, ती अजून गरम झालेली नाही.

पुट्टी निघत असताना तिच्यात गाडलेल्या चुका दिसू लागतात. चुका म्हणजे डोकं नसलेले बारीक खिळे. काच खाचेत बसवल्यावर ती पडू नये म्हणून खाचेच्या भिंतीत, काचेला समांतर ठोकलेल्या असतात. त्या कुठे आहेत हे आधीच कळावं म्हणून लहान लोहचुंबक पुट्टीवरून फिरवावं, ते अचूक जागा दाखवतं. आपल्या आकाराच्या तावदानात प्रत्येक बाजूला एक किंवा दोन चुका असतात. तडा जिथून निघतो तिथे चुंबक लावून पाहा. बऱ्याचदा तिथेच गंजलेली चूक सापडते. लोखंड गंजलं की फुगतं, गंजाला मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा लागते. ती फुगलेली चूक वर्षानुवर्षं काचेच्या एकाच बिंदूवर दाबत राहते, आणि एक दिवस दार आपटल्याच्या निमित्तानं काच तडकते. दोष दाराला दिला जातो.

चूक काढताना काचेवर पक्कड टेकवून उचकटायची नाही. पक्कडीनं टोक धरून काचेला समांतर, सरळ आत ओढायची. गंजून लाकडात रुतलेली असेल तर हट्ट न करता तिचं काचेवर आलेलं टोक निप्परनं कापून टाकायचं. उरलेला तुकडा काच निघाल्यावर सावकाश काढता येतो.

आता समोरून सगळं मोकळं दिसतं आणि काच आतून जरा ढकलली की निघेल असं वाटतं. बहुतेक काचा इथेच फुटतात. कारण काचेच्या मागेही पुट्टी असते. काच बसवण्याआधी कारागीर खाचेच्या कडेवर पुट्टीचा पातळ थर पसरतो आणि काच त्याच्यावर दाबतो. समोरची तिरकी पुट्टी पावसाला अडवते, पण काचेला खरं धरून ठेवतो तो हा दोन-तीन मिलिमीटरचा दडलेला थर. तो चारही बाजूंनी काचेच्या पाठीला चिकटलेला असतो. एका जागी ढकललं की काच तिथे उचलली जाते, बाकी जागी चिकटून राहते, वाकते आणि फुटते.

या थरासाठी झडप उलटी करायची. त्याआधी खालचा कागदाचा टेकू काढून घ्यायचा. काचेवर, म्हणजे आता जी बाजू खाली जाणार तिच्यावर, पुठ्ठा आणि मऊ कापड असा थर रचायचा. त्याची उंची अशी ठेवायची की काच सुटली तर ती तीन-चार मिलिमीटरच खाली येऊन टेकेल. मग पुठ्ठ्यासकट झडप दोघांनी मिळून पालथी घालायची. आता आतल्या कडेला, लाकडाच्या बाजूनं, पुन्हा वाफ द्यायची. इथे जास्त वेळ लागतो, कारण उष्णता लाकडातून आत पोचायची असते. मग खूप पातळ आणि लवचीक पातं घ्यायचं. चित्रकार रंग कालवायला वापरतात ती सुरी चांगली. ते काच आणि लाकूड यांच्यामध्ये आडवं, पूर्ण सपाट सरकवायचं आणि कडेकडेनं पुढे न्यायचं. पातं वर-खाली उचलायचं नाही, नुसतं कापत जायचं. एक फेरी पूर्ण झाली की वाफ देऊन दुसरी.

यानंतर थांबायचं. काच ढकलायची नाही. ९०० ग्रॅमचं तिचं स्वतःचं वजन खाली ओढत असतं, आणि पुट्टी मऊ आहे तोवर ते वजन पुरतं. एखादा कोपरा आधी खाली येतो. तो आला की समोरच्या कोपऱ्याकडे पातं न्यायचं, म्हणजे काच तिरकी लटकत राहणार नाही. चारही कोपरे सुटले की काच खालच्या कापडावर टेकते. मग झडप सरळ वर उचलायची. काच टेबलावर राहते. काचेला हातही न लावता ती चौकटीतून बाहेर आलेली असते, हे या पद्धतीतलं मला सर्वांत आवडणारं आहे.

कधी कधी इतकं करूनही तडा शेवटी वरच्या कडेपर्यंत धावतो. हे झालं तरी काम फसलेलं नसतं. चिकटपट्ट्यांमुळे दोन्ही तुकडे जागच्या जागी राहतात. मात्र त्यांना एकमेकांपासून ओढायचं नाही. तडा काचेच्या जाडीतून सरळ न जाता तिरका गेलेला असतो आणि एक तुकडा दुसऱ्यावर किंचित चढलेला असतो. दोन्ही एकत्र, खाली पुठ्ठा सरकवून, ताटासारखे उचलायचे. तारेसारखे चहूकडे फुटलेले तडे असतील तर मात्र ही सगळी पद्धत सोडून, कपच्या पट्ट्यांनी बांधून एकेक करून मध्यापासून बाहेर काढलेल्या बऱ्या.

निघालेली काच पूर्ण थंड होऊ द्यावी आणि मगच कापायला न्यावी. काच कापणाऱ्याला तडा दाखवून सांगावं, की कापाची रेघ तड्याच्या टोकापासून निदान दोन बोटं लांब असावी. आपल्या तावदानातून वरच्या बाजूनं १२ बाय ७ इंचांचा चांगला तुकडा निघतो. नक्षीच्या काचेवर रेघ सपाट बाजूनं मारतात.

खाच मोकळी झाली की तिच्यातलं पुट्टीचं अवशेष आणि गंजलेले तुकडे काढून, वाफेनं ओलं झालेलं लाकूड काही दिवस सावलीत वाळू द्यायचं. मग खाचेला जवसाच्या तेलाचा किंवा प्राइमरचा हात द्यायचा. तसं न केलं तर कोरडं लाकूड नव्या पुट्टीतलं तेल शोषून घेतं आणि ती वर्षभरात भेगाळते. तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि अशा बोळ्यानं आपोआप पेट घेतल्याची उदाहरणं आहेत, म्हणून ती उघड्यावर पसरून वाळवावीत. नवी काच खाचेच्या मापापेक्षा दोन्ही दिशांनी तीन मिलिमीटर कमी कापून घ्यायची, म्हणजे प्रत्येक कडेला दीड मिलिमीटर मोकळं राहतं. चुका गंज न धरणाऱ्या, पितळी किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या घ्याव्यात. पुट्टीवर साय धरायला आठ-पंधरा दिवस लागतात. त्यानंतरच रंग द्यायचा, आणि तो पुट्टीच्या पुढे काचेवर दोन मिलिमीटर चढवायचा, म्हणजे पावसाचं पाणी पुट्टी आणि काच यांच्या सांध्यातून आत शिरून चुकांपर्यंत पोचत नाही.